पुसण्याआधी मागून घ्या: गेमचं अकाउंट कायमचं बंद करताना

आमच्या क्लॅनमधल्या एका मुलाने माझ्या अकाउंटला आठ हजारांचं गिऱ्हाईक आणलं. "ताई, नाहीतरी तू खेळत नाहीस, स्किन्स जुन्या आहेत, आत्ताच विकून टाक," असं त्याचं म्हणणं. गेम सोडायचा हे माझं ठरलेलंच होतं. पण विकणं म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाच्या पहिल्याच मेसेजमध्ये कळलं. त्याला अकाउंट तर हवंच होतं, शिवाय त्याला जोडलेला मूळ ईमेल आणि त्याचा पासवर्डही हवा होता. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. मूळ ईमेल ज्याच्या हातात असतो तो पुढे कधीही सपोर्टला लिहून अकाउंट परत घेऊ शकतो, त्यामुळे असा व्यवहार करणारे ईमेलसकटच मागतात. आणि त्यासोबत कॉलेजपासूनच्या गप्पा, मित्रांची यादी, कधी काय विकत घेतलं याचा हिशेब, सगळंच जातं. गेमच्या अटींमध्ये विक्रीला मनाई असते ती असतेच. मी नाही म्हटलं आणि अकाउंट कायमचं बंद करायच्या मागे लागले.

गेम फोनवरून काढून टाकला की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. अनइन्स्टॉल केल्याने फोनमधली जागा मोकळी होते, एवढंच. अकाउंट कंपनीच्या सर्व्हरवर जसंच्या तसं राहतं. खरं बटण वेगळं असतं आणि ते देणं आता कंपन्यांना भाग आहे. ॲपलने ३० जून २०२२ पासून नियम केला, की ज्या ॲपमध्ये अकाउंट उघडता येतं त्या ॲपमधूनच ते मिटवायची सुरुवातही करता आली पाहिजे. गूगलने २०२३ मध्ये तसाच नियम आणला आणि वर आणखी एक अट घातली: ॲपच्या आतल्या सोयीशिवाय एक वेब लिंकही हवी. म्हणजे गेम आधीच काढून टाकला असेल, तरी तो परत उतरवून घ्यावा लागत नाही. प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर `Data safety` नावाचा भाग असतो, त्यात खाली ही लिंक सापडते.

मला ती लिंक लगेच सापडली. तरी मी ती दाबली नाही, याचं कारण माझा मावसभाऊ. तो म्युनिकला असतो, आमच्याच क्लॅनमध्ये खेळायचा आणि त्याने त्याचं अकाउंट आधीच बंद केलं होतं. फोनवर म्हणाला, "अगं, आधी कंपनीकडून तुझ्या माहितीची प्रत मागून घे. एकदा अकाउंट गेलं की ते तुझं होतं हे तू कशाच्या जोरावर सांगणार?"

हा मुद्दा साधा दिसतो, पण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. अकाउंट चालू असताना मी लॉगिन करून दाखवू शकते, त्या ईमेलवर आलेला कोड सांगू शकते. अकाउंट मिटल्यावर कंपनीच्या लेखी मी कोणीच नसते. तेव्हा विचारलं, की माझ्याबद्दल अजून काय शिल्लक आहे, तर उत्तर येतं, तुमची ओळख पटत नाही. शिवाय त्यांच्याकडे काय होतं हेच माहीत नसेल, तर काय पुसलं आणि काय ठेवलं हे ताडून तरी कशाशी बघणार?

मग प्रश्न आला, मागायचं कोणत्या हक्काने? इथे मी प्रायव्हसी पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. सगळी वाचायची गरज नसते. त्यात एक परिच्छेद शोधायचा: तुमच्या माहितीला जबाबदार कंपनी कोणती. मोठ्या गेममध्ये बहुधा प्रदेशानुसार वेगवेगळी नावं असतात. माझ्या गेममध्ये युरोपातल्या खेळाडूंसाठी युरोपातली एक कंपनी होती आणि भारतासकट बाकीच्यांसाठी सिंगापूरची. गेम तोच, क्लॅन तोच, पण भावाची माहिती एका कायद्याखाली आणि माझी दुसऱ्या.

भावाच्या बाजूला जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा माहिती संरक्षण कायदा होता. त्याच्या पंधराव्या कलमाने माहितीची प्रत मागता येते, सतराव्या कलमाने ती पुसायला सांगता येते आणि कंपनीला एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. तो जर्मन नागरिक नाही. त्याने काही फरक पडत नाही, कारण हा हक्क पासपोर्टवर ठरत नाही. आणि आपल्यापैकी अनेकांच्या कामाची गोष्ट पुढे आहे: माहिती हाताळणारी कंपनीच युरोपीय संघातली असेल, तर खेळाडू नाशिकमध्ये बसलेला असला तरी तिला जीडीपीआर लागू होतो. फिनलंडची सुपरसेल किंवा फ्रान्सची युबिसॉफ्ट यांसारख्या कंपन्यांचे गेम खेळणाऱ्यांनी म्हणूनच पॉलिसीतलं ते एक नाव आवर्जून बघावं. भारतात बसून जीडीपीआरचं कलम लिहिणं तिथे हास्यास्पद ठरत नाही.

माझ्या वाट्याला सिंगापूर आलं होतं. तिथल्या कायद्यात आपली माहिती बघायला मागण्याचा आणि संमती मागे घेण्याचा हक्क आहे, आणि कारण संपल्यावर माहिती ठेवू नये असं बंधनही कंपनीवर आहे. पण 'माझं सगळं पुसा' असा सरळ हक्क नाही.

मग आपला भारतीय कायदा? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि खेळाडूच्या कामाची कलमं लागू व्हायला त्या अधिसूचनेपासून अठरा महिने ठेवले आहेत, म्हणजे मे २०२७. तोपर्यंत चालतात ते २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम. त्यात दिलेली माहिती बघता येते, दुरुस्त करून घेता येते, संमती मागे घेता येते आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पुसून टाकण्याचा शब्द त्यातही नाही. आणि हे नियम भारतात असलेल्या कंपन्यांपुरते आहेत, असा खुलासा सरकारने तेव्हाच केला होता. थोडक्यात, सिंगापूरच्या कंपनीपुढे मी ते घेऊन गेले असते तर फारसा उपयोग नव्हता. नवा कायदा ही फट बुजवतो: भारतातल्या लोकांना सेवा देण्यासाठी देशाबाहेर माहिती हाताळली जात असेल, तरी तो लागू होतो.

म्हणून मी कलमांची तलवार न उपसता कंपनीच्याच पॉलिसीवर बोट ठेवलं. 'सर्व खेळाडूंना आपल्या माहितीची प्रत मागता येईल आणि ती हटवण्याची विनंती करता येईल' असं तिथे लिहिलेलं होतं. स्वतः दिलेल्या शब्दापासून मागे जाणं कंपनीला जड जातं.

मेल कुठे पाठवायचा याला महत्त्व आहे. गेममधल्या मदतीच्या बटणावर तिकीट टाकलं, की ठरावीक उत्तर परत येतं: गेम बंद करून पुन्हा चालू करून बघा. पॉलिसीच्या शेवटी प्रायव्हसीसाठी वेगळा पत्ता असतो, मेल तिथे जायला हवा, आणि तोही अकाउंटला जोडलेल्या ईमेलवरूनच. मी त्यात माझा प्लेअर आयडी, सर्व्हर आणि नोंदलेला ईमेल दिला आणि तीन गोष्टी मागितल्या: माझ्या सगळ्या माहितीची प्रत, ती कोणाकोणाला दिली त्यांची यादी आणि प्रत्येक प्रकारची माहिती किती काळ ठेवता. हटवण्याचा विषयच काढला नाही. दोन्ही एका मेलमध्ये घातलं, तर कधीकधी हटवणं आधी होतं आणि प्रत राहून जाते. भावाच्या एका मित्राचं तसंच झालं होतं.

उत्तर आलं ते असं, की ओळख पटवण्यासाठी सरकारी ओळखपत्राचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा.

इथे मी अडून बसले. माझं खरं नाव, जन्मतारीख, पत्ता यातलं काहीच या कंपनीकडे नव्हतं. अकाउंटवर टोपणनाव होतं. मग आधार कार्डाचा फोटो ते कशाशी जुळवून बघणार होते? माहिती पुसायला गेले आणि जास्तीची देऊन आले, असा प्रकार. बहुतेक खेळाडूंनी अकाउंट काढताना जन्मतारखेच्या जागी बोटाला येईल ते वर्ष टाकलेलं असतं, त्यामुळे ओळखपत्र दिलं तरी ते जुळण्याऐवजी शंकाच वाढते.

मी परत लिहिलं, की तुमच्याकडे असलेल्या माहितीवरूनच माझी ओळख पटवा. आणि पटवता येण्यासारखं बरंच होतं. गूगल प्लेवरून काही विकत घेतलं की पावतीच्या मेलमध्ये `GPA.` ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. जुन्या मेलमध्ये शोधून त्यातले तीन दिले, त्यात सगळ्यात पहिल्या खरेदीचाही होता, कारण तो मूळ मालकाशिवाय सहसा कोणाकडे नसतो. अकाउंट साधारण कधी काढलं, तेव्हा कोणता फोन होता, क्लॅनची जुनी नावं काय होती, तेही लिहिलं. गेममधून त्यांना हवा तो कोड पाठवून खात्री करा, असंही सुचवलं. आपल्या नव्या नियमांतसुद्धा खेळाडूची ओळख पटवायला युजरनेम किंवा तसला दुसरा ओळख क्रमांक यांचाच उल्लेख आहे, आणि कोणता तपशील लागेल ते कंपनीने आधीच जाहीर करायचं आहे. अमुक ओळखपत्र असं त्यात म्हटलेलं नाही.

दुसऱ्या मेलनंतर त्यांनी मानलं. ज्यांना काहीच पर्याय उरत नाही, म्हणजे जुना ईमेल बंद पडलाय आणि पावत्याही नाहीत, त्यांनी निदान मास्क्ड आधार द्यावं. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फोटोवर कोणत्या कामासाठी, कोणाला आणि कोणत्या तारखेला दिलं ते आडवं लिहून टाकायचं.

यथावकाश एका झिप फाइलची लिंक आली. ती ठरावीक मुदतीनंतर बंद पडणार होती, म्हणून लगेच उतरवून घेतली. आत काही फाइली एक्सेलमध्ये उघडणाऱ्या, काही जेसन प्रकारच्या, ज्या साध्या नोटपॅडमध्येही वाचता येतात. खरेदीची फाइल छोटी होती, पण एकूण बेरीज बघून मी ती पटकन बंद केली. लॉगिनची फाइल मात्र संपता संपत नव्हती. त्यातली एक ओळ अशी (आयपी पत्ता बदलला आहे):

```json
{"event":"login","ts":"2021-05-16T20:42:11Z",
 "ip":"203.0.113.24","device":"Redmi Note 8",
 "net":"wifi","city":"Nashik"}
```

वेळेच्या शेवटी `Z` आहे, म्हणजे ही जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे: १७ मे, रात्रीचे दोन वाजून बारा मिनिटं. लॉकडाऊनमध्ये मी नाशिकला आईकडे होते आणि घरच्या वायफायवर मध्यरात्री खेळत होते. ही एक ओळ. अशा ओळी एकाखाली एक लावल्या, की मी कधी झोपते, कधी गावी जाते, कधी फोन बदलला आणि कोणत्या महिन्यात नोकरी लागून रात्रीचं खेळणं बंद झालं, ते सगळं सरळ दिसतं. जीपीएसची परवानगी मी कधीच दिली नव्हती. शहर आयपी पत्त्यावरून काढलेलं होतं आणि ते दरवेळी बरोबरही नव्हतं. मोबाईल डेटावर असताना मी पुण्यात असले तरी बऱ्याच ओळींत मुंबई लिहिलेलं होतं.

आणखी एका फाइलमध्ये जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक होता, लांबलचक आकडे-अक्षरांचा. हा क्रमांक गेमचा नसतो, फोनचा असतो, आणि त्याच फोनवरची दुसरी ॲप्सही तोच वाचतात. ज्यांना माहिती दिली त्यांच्या यादीत जाहिरातींचा मागोवा ठेवणाऱ्या आणि आकडेवारी काढणाऱ्या कंपन्या होत्या, त्यातल्या एकीचंही नाव मी पूर्वी ऐकलेलं नव्हतं. व्हॉइस चॅट साठवलेलं नाही असं त्यांनी लिहिलं होतं. लेखी चॅटमधलं मात्र ज्या मेसेजबद्दल कोणीतरी तक्रार केली होती तेवढं होतं, तक्रार करणाऱ्याचं नाव काढून. माझ्याविरुद्ध एक होती. वाचून हसूच आलं.

प्रत हातात आल्यावर आवराआवर. यात भावनिक काही नाही, पण क्रम चुकला तर पैसे जातात. दरमहा पैसे कापणारा पास चालू असेल तर तो अकाउंट मिटल्याने आपोआप थांबत नाही, कारण तो करार प्ले स्टोअरशी किंवा ॲपलशी असतो. तिथे जाऊन आधी बंद करायचा आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची परवानगी उरली असेल तर तीही काढायची. शिल्लक जेम्स परत मिळत नाहीत. विकत घेतलेली असली तरी अटींमध्ये त्यांना 'वापरण्याचा परवाना' म्हटलेलं असतं, मालकी नसते, आणि अकाउंटबरोबर ती जातात. नुकतीच खरेदी केली असेल तर गूगलकडे अठ्ठेचाळीस तासांच्या आत परतावा मागता येतो, त्यानंतर गेम बनवणाऱ्याच्या मर्जीवर. मी उरलेली जेम्स क्लॅनच्या कामाला खर्च करून टाकली आणि क्लॅनचं नेतृत्व दुसऱ्याला दिलं. ते न देता गेलं तर काही गेममध्ये क्लॅनच अडकून बसतो.

एक गोष्ट मात्र या टप्प्यावर करायची नाही: गूगल किंवा फेसबुकची जोडणी तोडायची नाही. अनेकजण आधी तेच करतात. त्या जोडणीनेच लॉगिन होतं. ती तुटली की अकाउंट तसंच राहतं आणि आपणच दाराबाहेर.

मग बटण. सेटिंग्ज, अकाउंट, आणि सगळ्यात खाली राखाडी अक्षरांत `Delete account`. त्यानंतर काय काय गमवाल याची लांब यादी, मग पुन्हा एकदा खात्री आणि शेवटी तीस दिवसांची थांबण्याची मुदत. या मुदतीत लॉगिन केलं तर विनंती रद्द होते. अकाउंट चोरणाऱ्याने रागाच्या भरात ते मिटवायला घातलं, तर खऱ्या मालकाला सोडवता यावं म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे.

ती मुदत चालू असताना एका सकाळी मेल आला: पुन्हा स्वागत आहे! विनंती रद्द. मी तर गेमला हातही लावला नव्हता. ताईला फोन केला तेव्हा उलगडा झाला. तिच्याकडच्या जुन्या टॅबवर माझं गूगल अकाउंट होतं. भाच्याने गेम उघडला, गूगलच्या प्ले गेम्सने न विचारता लॉगिन करून दिलं, झालं. त्याने एक सामनासुद्धा खेळला नव्हता, नुसता आयकॉन दाबला होता. ज्या ज्या फोन-टॅबवर आपलं गूगल अकाउंट चालू आहे, त्यांची यादी गूगलच्या सुरक्षेच्या पानावर 'तुमची उपकरणं' या भागात दिसते. तिथून टॅबवरचं माझं अकाउंट बाहेर काढलं, भाच्याला गेम काढून टाकायला लावला आणि विनंती नव्याने टाकली. मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

मुदत संपल्यावर अकाउंट खरंच गेलं का ते बघायचा मोह होतो आणि लोक लॉगिन करून बघतात. तसं करू नये. जुनं मिटलेलं असेल, तर गूगलचं बटण दाबताच गेम त्याच ईमेलवर नवं कोरं अकाउंट काढून देतो आणि आपण परत पहिल्या पायरीवर, नव्या आयडीसकट. त्याऐवजी मी क्लॅनमधल्या एकाला माझा जुना प्लेअर आयडी शोधायला सांगितलं. 'खेळाडू सापडला नाही' असं आलं. क्लॅनच्या जुन्या नोंदींत माझ्या नावाच्या जागी निनावी खूण होती. नुसतं नाव बदललेलं दिसलं आणि आकडेवारी, बॅज तसेच असले, तर अकाउंट मिटलेलं नाही, त्यावर पांघरूण घातलंय असं समजावं.

आता जोडण्या तोडायच्या. गूगलसाठी `myaccount.google.com/connections` या पानावर त्या गेमचं नाव शोधून प्रवेश काढून घेतला. प्ले गेम्समध्ये त्या एकाच गेमची साठवलेली माहिती पुसायची वेगळी सोय आहे, तीही वापरली, कारण ती गेमच्या कंपनीकडे नसते, गूगलकडे असते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगलच्या भागात जाहिरातींचं पान आहे, तिथे `Delete advertising ID` केलं. त्याने इतर कंपन्यांकडे आधीच गेलेली माहिती पुसली जात नाही, पण त्या जुन्या क्रमांकाला माझी नवी हालचाल चिकटणं थांबतं.

शेवटचा मेल प्रायव्हसीच्या त्याच पत्त्यावर, जुन्याच संभाषणाखाली. ते संभाषण उघडं ठेवलं होतं हे किती बरं झालं, कारण ओळख तिथे आधीच पटलेली होती. विचारलं: काय पुसलं, काय ठेवलं, का आणि कधीपर्यंत? ज्यांना दिली होती त्यांना पुसायला कळवलं का?

उत्तर बऱ्यापैकी सरळ होतं. प्रोफाइल, मित्रांची यादी, लॉगिनच्या नोंदी पुसल्या. बॅकअपमधल्या प्रती त्यांच्या नेहमीच्या चक्रानुसार निघून जातील. खरेदीच्या नोंदी हिशेब आणि करासाठी ठेवल्या. यात भांडण्यासारखं फार नाही. आपल्याकडेही जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात, आणि युरोपचा कायदा असो की आपला, कायद्याने जे ठेवायचंच आहे ते पुसायला लावता येत नाही. मी इतरांना पाठवलेले मेसेज त्यांच्या इनबॉक्समध्ये राहतील, निनावी होऊन. आणि फोनची एक सांकेतिक खूण फसवणूक करणाऱ्यांना परत येऊ न देण्यासाठी ठेवली.

ही शेवटची गोष्ट मला पटली नाही. ज्याच्यावर बंदी आली आहे त्याची खूण ठेवणं समजू शकतं. तसं केलं नाही तर चीटर अकाउंट मिटवून पाच मिनिटांत नव्याने हजर होईल. पण माझ्यावर कधी बंदी आली नव्हती. मी पुन्हा विचारलं, तर कारण तेच सांगितलं आणि मुदत सांगितली नाही. भावाला त्यांच्याच युरोपातल्या कंपनीने स्पष्ट मुदत लिहून दिली होती, कारण तिथे समाधान झालं नाही तर त्याला डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे फुकट तक्रार करता येते आणि हे कंपनीला माहीत आहे. भारतात मला तूर्त तसं दार नाही. मे २०२७ पासून क्रम असा राहील: आधी कंपनीकडे तक्रार, तिला उत्तरासाठी जास्तीत जास्त नव्वद दिवस, आणि तरीही भागलं नाही तर डेटा संरक्षण मंडळ. मंडळ दंड करू शकतं, पण तो सरकारजमा होतो, खेळाडूला भरपाई मिळत नाही. तक्रार खोटी किंवा उगाचची असेल तर उलट आपल्यालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून मेल, तारखा, ऑर्डर क्रमांक सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलंय.

नव्या नियमांबद्दल एक गैरसमज आमच्या क्लॅनमध्येच फिरत होता, की तीन वर्षं खेळलो नाही तर माहिती आपोआप पुसली जाणार. नियमात तसं आहे, पण भारतात पन्नास लाखांहून कमी नोंदणीकृत खेळाडू असलेल्या गेमला ती तरतूद लागू नाही. पुसण्याआधी अठ्ठेचाळीस तास कळवायचं आहे आणि त्या सूचनेवर लॉगिन केलं की घड्याळ पुन्हा सुरू. त्याहून मोठी फट म्हणजे अकाउंटमध्ये शिरण्यासाठी आणि प्लॅटफॉर्मवरची खर्च करता येणारी टोकनं वापरण्यासाठी जी माहिती लागते, ती या तीन वर्षांतून वगळलेली आहे. अकाउंटमध्ये कोपऱ्यात चार जेम्स पडली असतील, तर आपोआप काही होईल या भरवशावर मी तरी राहणार नाही. शिवाय माहिती हाताळल्याच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या, असंही त्याच नियमांत आहे. त्यामुळे भारतीय कायदा पूर्ण लागू झाल्यावरही 'आज सांगितलं, उद्या काहीच नाही' असं होणार नाही.

आता ताईने भाच्याच्या अकाउंटचं काम काढलंय. तो चौदा वर्षांचा आहे. नव्या कायद्यात अठराच्या आतलं मूल म्हणजे बालक, आणि त्याच्या वतीने आईवडिलांनी मागणी करायची. त्याचं अकाउंट निघालंय भावजींच्या ईमेलवर, जन्मवर्ष भलतंच टाकलेलं. हटवणं दूर राहिलं, आधी प्रतीसाठी मेल टाकलाय. `GPA.` ची पावती भावजींच्या इनबॉक्समध्ये सापडली, आणि तिच्यावरचा आकडा बघून भाच्याची सध्या वेगळीच चौकशी चालू आहे.